टीयूआर आणि ‘चारास एक’: प्रेशर गेज तपासण्यासाठी मास्टर निवडताना पडणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात हायड्रॉलिकचं काम करणारी वर्कशॉप्स भरपूर आहेत. चिकोडी, अथणी, रायबागकडे साखर कारखान्यांतल्या बॉयलरवर आणि पंपांवर गेजच गेज असतात. या गेजांची तपासणी जागेवर करायची म्हटली की पहिला प्रश्न येतो तो मास्टर, म्हणजे ज्याच्याशी गेज ताडून पाहायचा ते उपकरण, कोणता घ्यायचा हा. ‘चारपट चांगला घ्या’ एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण चारपट नेमकं कशाच्या आणि ते मोजायचं कसं, इथे गोंधळ होतो. खालच्या सगळ्या उत्तरांत उदाहरणासाठी एकच गेज धरला आहे: ० ते २५० बार, १०० मिमी डायल, क्लास १.०, डायलवर एक भाग ५ बारचा. पॉवर पॅकवर सर्रास दिसतो तोच.

टीयूआर म्हणजे नेमकं काय?

तपासायच्या गेजला किती चुकायची मुभा आहे, आणि तो तपासताना आपल्याच मोजणीत किती शंका आहे, या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे टीयूआर. मुभा दोन्ही बाजूंना सारखी असेल तर सूत्र अगदी साधं आहे:

```
TUR = T / U
```

इथे T म्हणजे गेजची टॉलरन्स. क्लास १.० म्हणजे पूर्ण स्केलच्या १ टक्का, म्हणून आपल्या गेजसाठी T = २.५ बार. U म्हणजे तपासणीच्या संपूर्ण प्रक्रियेची विस्तारित अनिश्चितता, सुमारे ९५ टक्के खात्रीची, म्हणजे सर्टिफिकेटवर k=2 लिहिलेलं असतं ती.

या व्याख्येतला ‘संपूर्ण प्रक्रिया’ हा भाग महत्त्वाचा. U मध्ये मास्टरची शंका येतेच, शिवाय गेजचा काटा वाचताना होणारी चूक, पुन्हा पुन्हा दाब दिल्यावर काटा थोडा वेगळ्या जागी थांबणं आणि खोलीच्या तापमानाचा परिणाम हेही येतं. ४:१ हवं असेल तर हे सगळं मिळून U ०.६२५ बारच्या आत बसायला हवं.

मास्टर गेज क्लास ०.२५ चा आहे. १.० भागिले ०.२५ म्हणजे चार. मग झालं ना ४:१?

नाही. हा हिशोब दोन उपकरणांच्या वर्गांचा झाला. जुन्या पद्धतीत असंच गुणोत्तर काढत, त्याला टीएआर म्हणतात. त्यात मास्टर सोडून बाकीच्या कुठल्याच शंकेचा हिशोब येत नाही. आपल्या गेजसाठी ० ते २५० बारचाच क्लास ०.२५ टेस्ट गेज मास्टर म्हणून घेतला, तर खरा हिशोब असा होतो:

- मास्टरला त्याच्या वर्गानुसार ±०.६२५ बार चुकायची मुभा आहे. या हद्दीत तो कुठेही असू शकतो, म्हणून √३ ने भागून ०.३६ बार.
- मास्टरच्या सर्टिफिकेटवर U ०.२५ बार लिहिलंय. k=2 असल्याने त्याचं अर्धं, ०.१२५ बार.
- मास्टरचा डायल १ बारच्या भागांचा. तो वाचताना ±०.१ बार चूक धरली तर ०.०६ बार.
- तपासायच्या गेजचा काटा रेघेवर आणताना एका भागाचा दहावा हिस्सा, म्हणजे ±०.५ बार इकडे तिकडे होतो. तो ०.२९ बार.
- त्याच बिंदूवर पुन्हा पुन्हा दाब दिल्यावर दिसलेला फरक, प्रमाण विचलन ०.२ बार.

या आकड्यांची थेट बेरीज करत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ. ते येतं ०.५२ बार, दुप्पट केल्यावर U = १.०४ बार. २.५ भागिले १.०४ म्हणजे टीयूआर २.४.

कागदावर चारास एक वाटत होतं, ते प्रत्यक्षात अडीचलाही पोचलं नाही. आपल्याकडे बहुतेक रजिस्टरांत ‘मास्टरची अचूकता चारपट’ असं लिहिलेलं असतं ते या पहिल्या प्रकारचं असतं. ते खोटं नाही, पण त्यावरून गेज पास की नापास या निर्णयावर किती भरवसा ठेवायचा हे कळत नाही.

पण आकडा चारच का? तीन किंवा पाच का नाही?

याला इतिहास आहे. १९५४ मध्ये अ‍ॅलन ईगल यांनी मोजणीतल्या चुकीमुळे खराब वस्तू पास होण्याची आणि चांगली वस्तू नापास होण्याची शक्यता कशी काढायची हे मांडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाच्या कामात जेरी हेज यांनी तो हिशोब कॅलिब्रेशनला लावला. खराब उपकरण चुकून पास होण्याचा धोका सुमारे १ टक्क्यावर ठेवायचा असं धरलं तर गुणोत्तर तीनच्या आसपास येत होतं. थोडी जागा हाताशी असावी म्हणून चार धरलं गेलं. त्या काळात प्रत्येक उपकरणासाठी संभाव्यतेचं गणित करणं शक्य नव्हतं, म्हणून सगळ्यांना लावता येईल असा एक सोपा आकडा हवा होता. नंतर १९८८ च्या अमेरिकी लष्करी मानक MIL-STD-45662A मध्येही तोच आला: मानकांची एकत्रित अनिश्चितता टॉलरन्सच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

आज हिशोब करून पाहिला तरी तो आकडा वाजवी दिसतो. तपासायला आलेल्या शंभरातले पंचाण्णव गेज मुळात टॉलरन्समध्ये असतील आणि टीयूआर चार असेल, तर खराब गेज पास होण्याची शक्यता १ टक्क्याच्या आत राहते आणि चांगला गेज नापास होण्याची दीड टक्क्याच्या आसपास. गुणोत्तर त्याहून वाढवत गेलं तर धोका कमी होतो, पण खर्च मात्र झपाट्याने वाढतो.

दुसरं कारण वर्गमूळाच्या हिशोबात आहे. एका शंकेत तिच्या चौथ्या हिस्स्याएवढी दुसरी शंका मिसळली, तर एकूण शंका फक्त ३ टक्क्यांनी वाढते. निम्म्याएवढी मिसळली तर १२ टक्क्यांनी. बरोबरीची मिसळली तर ४१ टक्क्यांनी. चारच्या पुढे गेलं की मास्टरचा वाटा जवळपास दिसेनासा होतो, दोनच्या खाली आलं की तो ठळक दिसतो.

यात एक अट दडलेली आहे, ती विसरू नये. पंचाण्णव टक्के गेज चांगले असतील हे आधीच धरलेलं आहे. फाउंड्रीत, प्रेसवर सतत धक्के खाणारे गेज तपासायला येत असतील आणि त्यातले पंचवीस-तीस टक्के बाहेर गेलेले निघत असतील, तर त्याच ४:१ ला खराब गेज पास होण्याचा धोका बराच वाढतो. येणारे गेज कसेही असोत, धोका २ टक्क्यांच्या वर जाऊच नये असं हवं असेल तर टीयूआर सुमारे ४.६ लागतो. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांत आलेले किती गेज बाहेर निघाले याची नोंद ठेवा, ती इथे कामी येते.

आम्ही १०:१ ऐकलंय. तो नियम वेगळा का?

दहापटीचा नियम जुना आहे. जॉबच्या टॉलरन्ससमोर मोजमापाचं साधन निवडताना तो अजूनही वापरतात. कॅलिब्रेशनच्या साखळीत मात्र तो चालवता येत नाही. गेज १ टक्क्याचा, त्याचा मास्टर ०.१ टक्क्याचा, त्याचाही मास्टर ०.०१ चा, मग ०.००१ चा. तिसऱ्या पायरीवरच आपण अशा आकड्यावर येतो, जो या दाबाला राष्ट्रीय प्रयोगशाळेलाही कठीण जातो. चारपटीने गेलं तर तीन पायऱ्यांत ०.०१६ टक्के होतात, आणि ते चांगल्या डेड वेट टेस्टरने साध्य होतं.

आमच्याकडे ६०० बारचा क्लास ०.२५ मास्टर आहे. त्यावर २५० बारचे गेज तपासले तर?

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. वर्ग टक्क्यांत असतो आणि टक्के पूर्ण स्केलचे असतात. ६०० बारच्या मास्टरचे ०.२५ टक्के म्हणजे ±१.५ बार, आणि तो २५० वर असतानाही तेवढाच चुकू शकतो. वरच्या यादीत पहिला आकडा बदलून पाहिला तर U १.९ बारच्या जवळ जाते आणि टीयूआर १.३ वर येतो. इतक्या कमी गुणोत्तराला पास-नापास सांगण्यात अर्थ उरत नाही.

मास्टरची रेंज तपासायच्या गेजइतकी किंवा त्याच्या लगतची वरची घ्या. २५० च्या गेजला २५० किंवा ४०० चा मास्टर. शॉपमध्ये ४०, २५० आणि ६०० बारचे गेज असतील तर एकाच मोठ्या मास्टरने सगळं भागवण्याचा मोह टाळा. दोन मध्यम मास्टर त्याच पैशात जास्त काम देतात.

डिजिटल मास्टर घेताना माहितीपत्रकात अचूकतेपुढे काय लिहिलंय ते बारकाईने पाहा. पूर्ण स्केलचे ०.०५ टक्के आणि वाचनाचे ०.०५ टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५० बारच्या बिंदूवर ४०० बारच्या मास्टरसाठी पहिल्याचा अर्थ ०.२ बार, दुसऱ्याचा ०.०२५ बार.

महागाचा डिजिटल मास्टर आणला, तरी टीयूआर चारच्या वर जात नाही. असं का?

कारण आता अडथळा मास्टरचा राहिला नाही, तपासल्या जाणाऱ्या गेजचाच आहे. ० ते ४०० बारचा, पूर्ण स्केलच्या ०.०५ टक्के अचूकतेचा डिजिटल मास्टर घ्या. त्याची मुभा ±०.२ बार, सर्टिफिकेटवर U ०.१ बार. गेजच्या काट्याचे ०.२९ आणि पुनरावृत्तीचे ०.२ मात्र तसेच राहतात. U येते ०.७५ बार, टीयूआर ३.३.

आता मास्टरची शंका शून्य धरून पाहा. उरतात फक्त काटा आणि पुनरावृत्ती. तरी U ०.७० बार आणि टीयूआर ३.६. म्हणजे या गेजला, या वाचनपद्धतीने, जगातला कुठलाही मास्टर ४:१ देऊ शकत नाही. इथून पुढे मास्टरवर आणखी पैसे घालणं वाया आहे. हा हिशोब खरेदीच्या आधी केला तर बरंच काही वाचतं.

त्यापेक्षा वाचन सुधारा. दोन गोष्टी लगेच करता येतात. पहिली, दाब १५० वर ठेवून गेजचं वाचन अंदाजाने घेऊ नका. उलट करा: गेजचा काटा बरोबर १५० च्या रेघेवर आणा आणि आकडा डिजिटल मास्टरवर वाचा. दोन रेघांच्या मधल्या काट्याचा अंदाज करण्यापेक्षा काटा आणि रेघ एका ओळीत आहेत की नाहीत हे डोळ्याला खूप नेमकं कळतं. वर धरलेले ±०.५ बार याच पद्धतीचे आहेत. मधला अंदाज घेतला तर ±१ बार धरावे लागतील आणि गुणोत्तर दोनपर्यंत घसरेल. दुसरी, डोळा डायलच्या अगदी समोर ठेवा. बाजूने पाहिलं की काट्याची जागा सरकलेली दिसते. पंपाच्या मॅनिफोल्डवर गेज खाली असतो आणि माणूस उभ्याने वाचतो, तेव्हा ही चूक हमखास होते आणि ती सगळ्या वाचनांत एकाच दिशेला येते.

त्याच रेंजचा पण २ बारच्या भागांचा, मोठ्या डायलचा गेज असेल तर काट्याची चूक ±०.२ बारवर येते. मग याच डिजिटल मास्टरने टीयूआर ४.७ मिळतो. नवीन गेज मागवताना याचा विचार करा.

गेज तपासताना क्रम कसा ठेवायचा?

गेज आणि मास्टर पंपाच्या एकाच मॅनिफोल्डवर बसवा आणि खोलीत निदान दोन तास राहू द्या. बाहेर उन्हात ठेवलेल्या गाडीतून आणलेला गेज लगेच लावू नका. तेलातली हवा काढून टाका. हवा राहिली तर काटा थांबत नाही, हळूहळू खाली येत राहतो आणि माणसाला वाटतं गळती आहे. मग गेज दोन-तीन वेळा पूर्ण २५० पर्यंत नेऊन परत शून्यावर आणा, म्हणजे आतली वाकडी नळी सैल होते. ही पायरी गाळली तर पहिल्या फेरीची वाचनं पुढच्या फेऱ्यांशी जुळत नाहीत आणि पुनरावृत्तीचा आकडा उगाच फुगतो.

त्यानंतर ५०, १००, १५०, २००, २५० असे चढत जा आणि तसेच उतरत या. प्रत्येक बिंदूवर गेजला बोटाने हलकी टिचकी मारा, काटा स्थिर झाला की वाचा. चढताना रेघेच्या पुढे गेलात तर मागे येऊन वाचू नका, खाली उतरून पुन्हा चढा. चढती आणि उतरती वाचनं एकत्र मिसळली तर नळीचा परतीचा फरक चुकीच्या खात्यात जातो. तो फरक वेगळा नोंदवायचा असतो.

मास्टरच्या सर्टिफिकेटवर ‘U = ०.२५ बार’ लिहिलंय. मग तो ०.२५ बारच्या आत बरोबर आहे ना?

नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की प्रयोगशाळेने मास्टरची जी चूक दाखवली ती ०.२५ बारच्या शंकेसह खरी आहे. चूक वेगळ्या रकान्यात असते. २०० बारला चूक +०.५ आणि U ०.२५ असं असेल, तर मास्टर २०० दाखवतो तेव्हा खरा दाब १९९.५ च्या आसपास असतो.

यातच एक फायदा आहे, जो बहुतेक लोक घेत नाहीत. ती चूक माहीत असेल तर वाचनातून वजा करा. मग मास्टरची पूर्ण ±०.६२५ बारची मुभा धरायची गरज नाही. धरायचं ते फक्त दोन कॅलिब्रेशनमधलं सरकणं. मागची दोन-तीन सर्टिफिकेटं शेजारी ठेवून पाहा. प्रत्येक बिंदूला चूक वर्षभरात फार तर ०.३ बार बदलली असेल, तर ±०.३ धरा. आपल्या पहिल्या यादीत ०.३६ च्या जागी ०.१७ येतात, U १.०४ वरून ०.८३ होते आणि टीयूआर २.४ वरून ३.०. तोच मास्टर, एक रुपया खर्च नाही. फक्त जुनी सर्टिफिकेटं फाइलमधून बाहेर काढायची.

पहिल्याच वर्षी हे करता येत नाही, कारण सरकणं कळायला निदान दोन सर्टिफिकेटं लागतात. आणि मास्टर मध्ये कधी पडला असेल किंवा त्याच्यावर जास्तीचा दाब गेला असेल, तर जुना इतिहास निरुपयोगी होतो.

डेड वेट टेस्टर असेल तर टीयूआरची चिंताच नाही, बरोबर?

चांगल्या टेस्टरची अचूकता ०.०५ टक्के किंवा त्याहून बरी असते, म्हणून असं वाटतं. पण बेळगावात एक मोठी गोष्ट आडवी येते: गुरुत्वाकर्षण. टेस्टरमध्ये दाब वजनांनी तयार होतो आणि वजन जागेप्रमाणे बदलतं. बरेच टेस्टर ९.८०६६५ या प्रमाण मूल्यासाठी बनवलेले असतात. बेळगाव विषुववृत्तापासून फक्त १६ अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. इथे गुरुत्वत्वरण ९.७८२ च्या जवळ येतं, म्हणजे पाव टक्का कमी.

पाव टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण २५० बारची वजनं ठेवल्यावर खरा दाब तयार होतो सुमारे २४९.४ बार. फरक ०.६ बारहून थोडा जास्त. ४:१ साठी आपल्याकडे सगळं मिळून ०.६२५ बार होते, ते एकट्या या दुरुस्तीने खाल्ले. ओळखायची खूण अशी: टेस्टरवर तपासलेले सगळे चांगले गेज, कुठल्याही कंपनीचे असोत, दाबाच्या प्रमाणात थोडे कमी दाखवतात. १०० ला पाव बार कमी, २५० ला त्याच्या अडीचपट.

यावर उपाय दुरुस्तीचा. ही शंका नाही, माहीत असलेली चूक आहे, म्हणून ती U मध्ये घालायची नसते, वाचनातच सुधारायची असते:

```
p = p_nominal * g_local / g_ref
```

`g_ref` टेस्टरच्या पाटीवर किंवा सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं. मागवतानाच बेळगावचं मूल्य कळवलं तर काही उत्पादक त्याप्रमाणे घडवलेली वजनं देतात. मग मात्र ही दुरुस्ती पुन्हा करायची नाही, नाहीतर तोच पाव टक्का उलट दिशेने येतो.

टेस्टरच्या पिस्टनची खालची पातळी आणि गेजचा मध्य यांत उंचीचा फरक असेल तर तेलाच्या स्तंभाचा दाबही येतो, दर १० सेंटिमीटरला सुमारे ०.००८ बार. २५० बारला तो विसरला तरी चालतो. १ बारच्या गेजला मात्र विसरू नका, कारण क्लास १.० ची तिथली मुभाच ०.०१ बार आहे.

साखर कारखान्यात तपासणी बंद हंगामात, म्हणजे एप्रिल-मे मध्ये होते. त्याचा फरक पडतो का?

पडतो, आणि तो मास्टर कोणता आहे यावर अवलंबून असतो. वाकड्या नळीच्या गेजचा संदर्भ २० अंश सेल्सिअसचा असतो. तापमान वाढलं की नळीचा धातू किंचित मऊ होतो आणि तेवढ्याच दाबाला काटा थोडा पुढे जातो. युरोपीय मानक ईएन ८३७-१ प्रमाणे हा फरक दर अंशाला पूर्ण स्केलच्या ०.०४ टक्क्यापर्यंत चालतो. दुपारी शेडमध्ये ३२ अंश असतील तर १२ अंशांचे ०.४८ टक्के, म्हणजे २५० च्या गेजला १.२ बार. क्लास ०.२५ च्या मास्टरच्या मुभेच्या जवळजवळ दुप्पट.

मास्टरही नळीचाच असेल तर दोन्ही गेज एकाच दिशेला सरकतात आणि बराचसा फरक एकमेकांत जिरतो, पण नेमका किती हे सांगता येत नाही. मास्टर डिजिटल आणि तापमानाची भरपाई करणारा असेल तर तो जागचा हलत नाही, आणि गेजचं सरकणं पूर्ण दिसतं. अशा वेळी चांगला गेज उन्हाळ्यात ‘जास्त दाखवतो’ म्हणून नापास होतो आणि पावसाळ्यात पुन्हा तपासला की पास होतो. तोच गेज दोन ऋतूंत दोन निकाल देत असेल तर गेजवर ठपका ठेवण्यापूर्वी नोंदवहीत तापमान पाहा. नोंदवलंच नसेल तर ती पहिली सुधारणा. गेज सकाळी लवकर, खोली २४-२५ अंशांच्या आसपास असताना तपासले तर हा वाटा निम्म्याहून कमी होतो.

४:१ काही केल्या जमत नसेल तर गेज तपासायचाच नाही का?

तपासायचा, पण पास करण्याची हद्द आत घ्यायची. याला गार्ड बँड म्हणतात. शेताच्या बांधापासून थोडं आत नांगरलं की शेजाऱ्याच्या जमिनीत जाण्याचा प्रश्न येत नाही, तसंच हे.

सगळ्यात कडक पद्धत म्हणजे टॉलरन्समधून पूर्ण U वजा करणं. चूक वजा करून वापरलेल्या टेस्ट गेजसाठी U ०.८३ बार होती, म्हणून हद्द २.५ ऐवजी १.६७ बार. यात खराब गेज पास होण्याची भीती अगदी थोडी, पण बरेच चांगले गेज नापास होतात. मधला मार्ग वर्गमूळाचा आहे:

```
A = sqrt(T^2 - U^2)
```

आपल्या आकड्यांनी A येतो २.३६ बार. आता १५० बारला गेजची चूक +२.० बार निघाली, तर कडक पद्धतीने तो पास म्हणता येत नाही, मधल्या पद्धतीने पास. चूक +२.४ बार असेल तर साध्या टॉलरन्सने पास, या दोन्ही पद्धतींनी नाही. कोणती पद्धत लावायची हे आकडे पाहून ठरवायचं नसतं. ते आधी लिहून ठेवायचं आणि ग्राहकाशी बोलून घ्यायचं.

आणखी एक वाट आहे, जी आधी तपासून पाहावी. त्या गेजला खरंच क्लास १.० ची गरज आहे का? पॉवर पॅकवर पंप चालू आहे की नाही आणि रिलीफ व्हॉल्व्ह १८० च्या आसपास उघडतो की नाही एवढंच पाहायचं असेल, तर ±४ बार पुरे. तो गेज क्लास १.६ च्या हद्दीने तपासा आणि तसं लेबल लावा. T चार बार झाली, U तीच ०.८३, टीयूआर ४.८. मास्टर बदलला नाही, माणूस बदलला नाही. मात्र सिलेंडरची प्रूफ टेस्ट ज्या गेजवर होते, त्याच्यासाठी हे करता येत नाही. लेबलवर हद्द स्पष्ट लिहिली नाही तर तो गेज सहा महिन्यांत नेमका टेस्ट बेंचवर जाऊन बसतो.

ऑडिटमध्ये ‘१७०२५ प्रमाणे ४:१ दाखवा’ म्हणतात. तसं कलम आहे का?

प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकात चारास एक असा आकडा कुठेच नाही. २०१७ च्या आवृत्तीत जे मागितलंय ते निर्णयाच्या नियमाबद्दल आहे: पास किंवा नापास लिहिणार असाल तर मोजणीची अनिश्चितता कशी विचारात घेतली हे ठरवा, ग्राहकाला कळवा आणि सर्टिफिकेटवर लिहा. ४:१ हा त्यासाठीचा एक स्वीकारार्ह मार्ग आहे. अमेरिकेच्या २००६ च्या झेड५४०.३ मानकात तर धोका २ टक्क्यांच्या आत ठेवणं हा मुख्य नियम आहे, आणि तो हिशोब करणं व्यवहार्य नसेल तिथेच ४:१ ला जागा दिली आहे.

म्हणून ऑडिटरसमोर दोन वर्गांचा भागाकार ठेवू नका. एका पानावर प्रत्येक शंकेची यादी, त्यावरून आलेली U, टीयूआर आणि तो चारच्या खाली असेल तर लावलेली हद्द, एवढं मांडा. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून गेज तपासून घेत असाल, तर काम देण्याआधी तिच्या एनएबीएल मान्यतेच्या स्कोपमध्ये त्या दाबासाठी किती अनिश्चितता लिहिली आहे ते पाहा. ती ०.६ बारच्या आसपासच असेल, तर तुमच्या गेजची शंका मिळवल्यावर ४:१ टिकणार नाही. हे सर्टिफिकेट हातात पडल्यावर कळून उपयोग नाही. चौकशीच्या पत्रातच टॉलरन्स, तपासायचे बिंदू आणि पास-नापासचा नियम लिहून पाठवा.